हप्ता लाखाचा, गुंतवणूक किती?

विजेचं बिल येतं, मोबाइलचं येतं, सोसायटीच्या मेंटेनन्सचं येतं. युलिपचं बिल मात्र कधीच येत नाही. म्हणून कितीतरी घरांत असा समज आहे, की युलिपमध्ये पैसे भरले की ते सगळे बाजारात जातात आणि वर विमा फुकट मिळतो. बाजार चढला तर आपली रक्कम वाढते, पडला तर घटते, बस्स. प्रत्यक्षात बाजार जागचा हलला नाही तरी ही रक्कम घटते. ती कशी घटते, एवढंच या वेळी बघू.

आपल्या बडोद्याच्या मंडळातल्या एका मुलीने तिच्या पॉलिसीची कागदपत्रं मला पाठवली. २०२१ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी तिने ती घेतली. वर्षाला १ लाखाचा हप्ता, १० लाखांची विमा रक्कम, मुदत १५ वर्षं. तिचा प्रश्न साधा होता. "काका, मी भरलेल्या पैशातून कंपनीने आतापर्यंत नेमके किती कापले? हे मला एका जागी कुठे लिहिलेलं सापडत नाही." खरंच सापडत नाही. कंपनीने ते लपवलेलं नाही. वजावट तीन वेगवेगळ्या जागी होते आणि प्रत्येक जागी ती वेगळ्या मापात लिहिलेली असते.

तिचे आकडे मी थोडे गोल केले आहेत. हिशेब स्वच्छ दिसावा म्हणून पहिल्या वर्षी बाजार अजिबात हलला नाही असं धरू.

पहिली वजावट पैसे बाजारात जाण्याआधीच होते. तिला अलोकेशन चार्ज म्हणतात. तिच्या पॉलिसीत पहिल्या वर्षी तो ६ टक्के होता, म्हणजे ६,००० रुपये. त्यावर त्या वेळी १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०८० रुपये. एकूण ७,०८० रुपये दारातच राहिले आणि ९२,९२० रुपये आत गेले. युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, २० रुपये धरला तर तिला ४,६४६ युनिट मिळाले. एजंटचं किंवा बँकेचं कमिशन मुख्यतः याच पैशातून निघतं. ही वजावट टक्क्यात छापलेली असते आणि पहिल्याच पानावर दिसते, त्यामुळे तीन वजावटींतली हीच त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायची.

दुसरी वजावट युनिटची. दर महिन्याला कंपनी तुमचे थोडे युनिट रद्द करते. त्यात दोन गोष्टी येतात. एक म्हणजे पॉलिसी सांभाळण्याचा खर्च, म्हणजे अॅडमिनिस्ट्रेशन चार्ज. तो तिच्याकडे महिन्याला २०० रुपये होता. दुसरी म्हणजे विम्याची खरी किंमत, म्हणजे मॉर्टॅलिटी चार्ज. तो दर हजारी लावतात आणि वयाप्रमाणे वाढत जातो. तिच्या वयाला हजारी सव्वा रुपयाच्या जरा खालीच होता. दोन्ही मिळून, जीएसटी धरून, वर्षाचे साधारण ४,१२० रुपये होतात. पण स्टेटमेंटवर हे असं लिहिलेलं नसतं. तिथे दर महिन्याला एक ओळ येते आणि सतरा युनिट आणि काही अंश कमी झालेले दिसतात. सतरा युनिट म्हणजे किती रुपये, असा गुणाकार करत बसायला कोणाला वेळ आहे? वर्षाअखेर ४,६४६ चे साधारण ४,४३८ युनिट उरतात.

तिसरी वजावट स्टेटमेंटवर येतच नाही. ती फंड सांभाळण्याची फी, म्हणजे फंड मॅनेजमेंट चार्ज. तिची कमाल मर्यादा वर्षाला १.३५ टक्के आहे आणि तिच्या इक्विटी फंडात ती पूर्ण लावलेली होती. ती रोज थोडी थोडी करून एनएव्हीतूनच वजा होते. तुम्हाला दिसणारा भाव हा फी काढून झाल्यावरचा भाव असतो. बाजार हलला नाही तर २० रुपयांचा भाव वर्षाअखेर जीएसटीसकट १९ रुपये ६८ पैसे होतो. बघणाऱ्याला वाटतं, बाजार थोडा खाली आला असेल.

आता ४,४३८ युनिट गुणिले १९.६८ करा. साधारण ८७,३५० रुपये येतात. लाखातले १२,६५० रुपये एका वर्षात गेले, बाजार जागच्या जागी असताना. त्यातले ७,०८० टक्क्यात सांगितलेले, ४,१२० युनिटमध्ये आणि उरलेले साधारण १,४५० भावात मिसळलेले. रुपयात, एकाच ओळीत, बेरीज करून कुठेच लिहिलेले नाहीत.

खरा बाजार हलत असतो, ही आणखी एक अडचण. बाजार १२ टक्के चढला तर हे सगळं झाकलं जातं आणि फंड व्हॅल्यू लाखाच्या आसपास दिसते. माणूस म्हणतो, चला, निदान तोटा तर नाही. बाजार पडला की सगळा दोष बाजारावर जातो. दोन्ही वेळा वजावटीकडे बघायचं राहूनच जातं.

विकणाऱ्यांचं एक वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. "म्युच्युअल फंडापेक्षा हे स्वस्त आहे, इथे खर्च फक्त १.३५ टक्के." वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. एजंटकडून घेतलेल्या कितीतरी इक्विटी फंडांचा वार्षिक खर्च १.३५ पेक्षा जास्त असतो, हे खरंच आहे. पण म्युच्युअल फंडात तो एक आकडा म्हणजे जवळजवळ सगळा खर्च. प्रवेशाच्या वेळी कापायचा एंट्री लोड सेबीने ऑगस्ट २००९ पासून बंद केला. युलिपमध्ये १.३५ हा तीनपैकी एकाच वजावटीचा आकडा आहे, आणि पहिल्या वर्षी तर सगळ्यांत छोट्या वजावटीचा. हे वाक्य बोलणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच ओळखीतला असतो, लग्नाकार्यात भेटणारा. त्याच्याशी वाद घालायची गरज नाही. "बाकीचे दोन चार्ज किती?" एवढंच विचारावं.

विम्याच्या भागाकडे मी जरा जास्त वेळ देणार आहे, कारण तिथे लोकांचा सगळ्यांत मोठा गैरसमज असतो. या प्रकारच्या पॉलिसीत मृत्यू झाला तर घरच्यांना १० लाख किंवा फंड व्हॅल्यू, यांतली जी मोठी असेल ती मिळते. दोन्ही मिळत नाहीत. (दोन्ही देणाऱ्याही पॉलिसी असतात. त्यांत मॉर्टॅलिटी चार्ज अर्थातच जास्त पडतो.) म्हणजे फंडात ४ लाख जमले असतील तर कंपनी स्वतःच्या खिशातून फक्त ६ लाख देणार, उरलेले ४ लाख तुमचेच. म्हणून मॉर्टॅलिटी चार्जसुद्धा त्या ६ लाखांवरच लावतात. हे न्याय्यच आहे. पण फंड १० लाखांवर गेला की विमा शून्य होतो. तिच्या पॉलिसीत ८ टक्क्यांच्या हिशेबाने हे नवव्या वर्षी होतं. तेव्हा ती ३९ वर्षांची असेल. घराचं कर्ज, लहान मुलं, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांची औषधं, सगळं नेमकं त्याच वयात अंगावर असतं. त्या वेळी तिच्या घरच्यांना मिळणार असतील ते तिनेच साठवलेले पैसे.

बाजार पडतो तेव्हा याचं उलटं होतं. फंड आटला की कंपनीची जोखीम वाढते, म्हणून मॉर्टॅलिटी चार्ज वाढतो, आणि तो वसूल करायला युनिट कापले जातात ते पडलेल्या भावाने, म्हणजे जास्त संख्येने. तिशीत ही रक्कम किरकोळ असते. पन्नाशीनंतर घेतलेल्या पॉलिसीत ती बोचायला लागते. आईवडिलांच्या नावावर कोणी युलिप सुचवलं तर हा चार्ज वयाप्रमाणे किती होतो, तो तक्ता आधी मागून घ्या. पॉलिसीच्या कागदात तो असतो.

आता कायद्याचं. २०१० पूर्वीच्या युलिपच्या गोष्टी तुमच्या आईबाबांना विचारा. तेव्हा पहिल्या हप्त्यातला मोठा हिस्सा कापला जायचा आणि लॉक-इन तीनच वर्षांचं होतं. एप्रिल २०१० मध्ये सेबीने १४ विमा कंपन्यांना युलिप विकायला मनाई केली. ही गुंतवणूक आहे, तेव्हा आमची परवानगी घ्या, असं सेबीचं म्हणणं. विमा नियामकाने ते मानलं नाही, आणि शेवटी जूनमध्ये सरकारने वटहुकूम काढून युलिप विमा नियामकाकडेच ठेवलं. त्यानंतर १ सप्टेंबर २०१० पासून नियम कडक झाले. लॉक-इन पाच वर्षांचं झालं आणि वजावटीला वरची मर्यादा आली. आजचं युलिप जुन्यापेक्षा खूप बरं आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण ही मर्यादा कशी मोजतात ते बघण्यासारखं आहे. फंडाने ८ टक्के कमावले तर वजावटीनंतर परतावा किती उरतो, त्याला नेट यील्ड म्हणतात. पाच वर्षांना हा फरक जास्तीत जास्त ४ टक्के असू शकतो, दहा वर्षांना ३, आणि पंधरा किंवा त्याहून जास्त वर्षांना २.२५. गंमत अशी की हे नेट यील्ड काढताना मॉर्टॅलिटी चार्ज आणि कर धरत नाहीत. म्हणजे कागदावर छापलेलं नेट यील्ड हे तुमच्या हाती येणारं यील्ड नसतं, त्याच्यापेक्षा थोडं वरचं असतं. तिच्या कागदावर पंधरा वर्षांचं नेट यील्ड ५.९ टक्के होतं.

प्रत्यक्ष आकडा काढायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. पॉलिसीबरोबर बेनिफिट इलस्ट्रेशन नावाचा तक्ता येतो. घेतानाच त्यावर सही करून घेतात आणि बहुतेक जण तो न वाचताच सही करतात. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात ४ टक्के आणि ८ टक्के परतावा धरून वर्षाअखेरचे आकडे दिलेले असतात. हे दोन्ही दर फक्त उदाहरणासाठी असतात, त्यांची हमी नसते. दुसऱ्या भागात, म्हणजे पार्ट बी मध्ये, दर वर्षाची अलोकेशन, मॉर्टॅलिटी, अॅडमिनिस्ट्रेशन आणि फंड मॅनेजमेंटची रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत रुपयांत छापलेली असते. मी वर म्हटलं की बेरीज कुठेच नसते. ती करायला लागणारे सगळे आकडे मात्र या एका पानावर असतात.

त्या पानावरून एक काम करा. स्प्रेडशीटमध्ये A1 पासून A15 पर्यंत -100000 लिहा. A16 मध्ये ८ टक्क्यांच्या तक्त्यातली पंधराव्या वर्षाअखेरची फंड व्हॅल्यू लिहा. तिच्याकडे ती साधारण २३ लाख ५३ हजार होती. मग खाली हे लिहा:

```
=IRR(A1:A16)
```

उत्तर आलं साधारण ५.४५ टक्के. फंडाने ८ कमावले, कागद म्हणतो ५.९, आणि हातात ५.४५.

हेच पाच वर्षांसाठी करून बघितलं तर चित्र जास्त बोलकं आहे. पाच लाख भरून पाचव्या वर्षाअखेर फंडात ५ लाख ४८ हजार. म्हणजे ८ टक्के कमावणाऱ्या बाजारात तिला ३.१ टक्के मिळाले. बचत खात्याच्या आसपास. वजावटीचा मोठा भाग सुरुवातीच्या वर्षांत येतो, आणि लॉक-इन संपतं नेमकं तेव्हा. "पाच वर्षांनी काढून घ्या" असं सांगून विकलेलं युलिप म्हणजे सगळा खर्च भरायचा आणि फायद्याची वर्षं येण्याआधी उठून जायचं.

दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर मीही अर्धं वाक्य बोलणाऱ्यांतलाच होईन. तेच लाख रुपये वर्षाला १ टक्का खर्चाच्या म्युच्युअल फंडात गेले असते आणि तोही ८ टक्केच कमावत असता, तर पंधरा वर्षांनी २६ लाख ७० हजार झाले असते. पण त्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. सगळे एकाच वर्षी काढले तर आजच्या नियमाने सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के, म्हणजे साधारण १ लाख ३० हजार. उरले २५ लाख ४० हजार. युलिपच्या रकमेवर, सगळ्या युलिपचा मिळून वार्षिक हप्ता अडीच लाखांच्या आत असेल आणि विमा रक्कम हप्त्याच्या किमान दहापट असेल तर, कर नाही. शिवाय शुद्ध विमा, म्हणजे टर्म पॉलिसी, वेगळी घ्यावी लागेल, तिचा हप्ता वेगळा. तेव्हा पंधरा वर्षांचा फरक दीड-पावणेदोन लाखांचा राहतो. याला लूट म्हणता येणार नाही. पण त्या वेगळ्या टर्म पॉलिसीत तिशीतल्या निरोगी माणसाला साधारण दहा-पंधरा हजारांच्या वार्षिक हप्त्यात १ कोटीचं संरक्षण मिळतं, इथे १० लाखांचं आहे. मला खरा फरक तिथे वाटतो.

सगळी युलिप सारखीही नाहीत. थेट ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या काही पॉलिसींत अलोकेशन आणि अॅडमिनिस्ट्रेशन चार्ज शून्य असतात, काही मुदतीअखेर मॉर्टॅलिटी चार्ज परत देतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेला आहे, म्हणजे माझ्या हिशेबातले १८ टक्के नव्या हप्त्यांवर लागत नाहीत. युलिपमध्ये इक्विटीतून डेटमध्ये पैसे हलवले तर त्या वेळी कर लागत नाही, हा खरा फायदा आहे. पंधरा-वीस वर्षं टिकणारा, वेगळा टर्म विमा आधीच घेतलेला आणि वर्षातून एकदा फंड बदलण्याची शिस्त असलेला माणूस अशी स्वस्त पॉलिसी घेत असेल तर मी त्याला अडवणार नाही.

ज्यांच्याकडे आधीच पॉलिसी आहे त्यांनी गेलेल्या पैशाचा विचार सोडून पुढच्या वजावटीचा करावा. त्या मुलीने विचारलं, "मग बंद करू का?" तिचा अलोकेशन चार्ज सहाव्या वर्षापासून २ टक्क्यांवर येतो. म्हणजे महाग वर्षं तिने भोगून झाली, पुढची त्यामानाने स्वस्त आहेत. मी तिला म्हटलं, आधी टर्म विमा घे. पॉलिसीचं नंतर ठरव, पार्ट बी मधले पुढच्या वर्षांचे आकडे समोर ठेवून.

लॉक-इनच्या आत हप्ता थांबवला तरी पैसे लगेच मिळत नाहीत. ते डिसकंटिन्यूड पॉलिसी फंडात जातात. तिथे फी जास्तीत जास्त अर्धा टक्का असते, किमान ४ टक्के व्याज मिळतं, आणि पाच वर्षं पुरी झाली की रक्कम हातात येते. विमा मात्र त्या दिवसापासून संपतो. बंद करण्याचा दंड आता फार नाही. ५० हजारांवर वार्षिक हप्ता असेल तर पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ६,००० रुपये, पुढे ५,०००, ४,००० आणि २,०००, पाचव्या वर्षापासून काही नाही.

आणि ज्यांच्या हातात पॉलिसी नुकतीच पडली आहे, त्यांना कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्या वेळच्या भावाने फंडाचे पैसे आणि कापलेले चार्ज परत मिळतात, फक्त तेवढ्या दिवसांच्या विम्याची किंमत, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि स्टॅम्प ड्युटी वजा होते. पार्ट बी उघडून वर दिलेला हिशेब करायला वीस मिनिटं लागतात. ती या तीस दिवसांतच काढा.